माझ्याशी बोलणारा माणूस

गेल्या रमजान ईदनंतर मी गावी गेलो होतो. चिपळूणच्या पुढे, खाडीच्या काठाला आमचं आजोळ आहे. मामू आता एकटेच असतात. मुमानींचा इंतकाल होऊन वर्ष झालं. मुली सासरी आहेत, त्यातली एक इंग्लंडला. दुपारी जेवणं झाल्यावर मामू खुर्चीत रेलले आणि अचानक म्हणाले, "तू सिनेमा-मालिकांवर लिहितोस ना? मग मला एक सांग. एक मालिका होती. त्यातला माणूस माझ्याशी बोलायचा."

मला वाटलं, मामू चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता.

मामू 1989 साली लंडनला गेले. एका बेकरीत रात्रपाळी करायचे. चार जणांत एक खोली होती आणि खोलीत आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेला एक टीव्ही. तीन वर्षांनी त्यांनी मुमानींना बोलावून घेतलं. तेव्हा त्यांनी मुमानींना ही मालिका सांगितली होती. मुमानी हसल्या. "टीव्हीतला गोरा माणूस तुमच्याकडे बघून बोलायचा? जागरणानं डोकं फिरलं होतं तुमचं." पुढे तीस वर्षं घरात हा विनोद चालला. मामू काहीही सांगायला लागले की मुमानी विचारायच्या, "हे खरं, की टीव्हीतल्या माणसानं सांगितलं?"

"मालिकेचं नाव मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं," मामू म्हणाले. "आणि तिला शेवटपर्यंत दाखवता आली नाही."

पात्राने थेट प्रेक्षकांकडे वळून बोलणं ही काही एका मालिकेची मक्तेदारी नाही. त्यामुळे एवढ्याच खुणेवर मालिका ओळखायला निघालात तर हाताशी पन्नास नावं येतात. पण हेच बोलणं नेमकं कसं होतं हे विचारत गेलं तर पन्नासाची पाच होतात आणि पाचाचं एक. मी त्या दुपारी तेच केलं. पहिल्यांदा चुकलो, तेही सांगतो.

सुरुवातीला एक खात्री करून घ्यावी लागते. माणूस खरंच कॅमेऱ्यात बघून बोलत होता, की नुसता आवाज ऐकू येत होता? आपली स्मरणशक्ती यात हमखास गंडवते. निवेदकाचा आवाज आणि समोरचा चेहरा काही वर्षांनी मनात एक होऊन जातात. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत'मधला 'समय' घ्या. पडद्यावर फक्त फिरणारं चक्र आणि आकाश असायचं, माणूस नव्हताच. हरीश भिमाणींचा आवाज तेवढा होता. तरीही समय दिसायला कसा होता याचं वर्णन करणारी माणसं मला भेटलीत. म्हणून मी अशा वेळी सरळ "बघत होता का?" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. मी विचारतो, बोलताना तो काय करत होता?

मामूंनी डोळे मिटले. "ऑफिसात टेबलाशी बसलेला. हातात फोटोची फ्रेम. आधी फोटोकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं."

म्हणजे आवाज नव्हता, चेहराच होता.

नट एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांची नजर कॅमेऱ्याच्या भिंगाच्या थोडी बाजूला असते, समोरच्या नटाच्या डोळ्यांवर. ही नजर दोन बोटं सरकून थेट भिंगात आली की घरात बसलेल्याला वाटतं, हा माझ्याकडे बघतोय. सगळी जादू त्या दोन बोटांच्या फरकात आहे. बातम्या सांगणारे रोज तेच करतात, पण त्यांच्याकडून आपली तीच अपेक्षा असते. गोष्टीतल्या माणसाने केलं की दचकायला होतं.

मग मी विचारलं, "तो एकटाच बोलायचा, की सगळेच?" एकटाच. "बाकीचे समोर असताना, की वेगळा बसून?" समोर असताना. बाकीचे आपापसांत बोलत असायचे आणि हा मधेच मान वळवून मामूंना काहीतरी सांगायचा. त्यांच्या कानावर काही जायचं नाही.

या दोन उत्तरांनी बरंच काही वगळलं गेलं. ब्रिटिश 'द ऑफिस' 2001 साली आली. तिच्यातली माणसंही कॅमेऱ्याशी बोलतात, पण एकेकटी खुर्चीत बसून मुलाखत दिल्यासारखी, कारण त्या गोष्टीत खरोखरच एक माहितीपट बनवणारी टोळी ऑफिसात फिरत असते. तिथे कॅमेरा गोष्टीचाच भाग आहे आणि सगळ्यांना तो दिसतो. आपल्याकडचं 'तारक मेहता का उल्टा चष्मा' तिसऱ्याच जातीचं. तारक मेहता सोसायटीत राहणारं पात्रही आहे आणि मधून मधून आपल्याला नमस्कार करून गोष्ट पुढे नेणारा सूत्रधारही. तो आपल्यापासून काही लपवत नाही आणि शेजाऱ्यांपासूनही नाही. त्याच्या बोलण्यात गुपित नसतं.

मामूंच्या माणसाच्या बोलण्यात गुपित होतं.

"आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखा?" मी विचारलं. मामू तरुणपणी घाटावर नोकरीला होते. तिथल्या उरुसात रात्र रात्र वग बघितलेले. ते एकदम सावरून बसले. "नाही. सोंगाड्या राजाची टर उडवायला पब्लिककडे वळतो. पण राजा तिथंच उभा असतो, त्यालाही ऐकू जातं, तोही हसतो. ह्याचं तसं नव्हतं. ह्याचं कुणालाच ऐकू जायचं नाही. फक्त मला."

एवढ्यात माझी भाची आतून चहा घेऊन आली. पुण्यात शिकते. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "मामूनाना, ही 'फ्लीबॅग' असणार." मी म्हटलं, ती 2016 ची. शिवाय त्यात बोलणारी बाई आहे. पण तिने विषय काढलाच आहे तर थोडं सांगतो, कारण या युक्तीचं पुढे काय होऊ शकतं ते तिथे दिसतं. फीबी वॉलर-ब्रिजने आधी हा एकपात्री प्रयोग 2013 साली एडिंबरोच्या महोत्सवात केला होता. एकपात्रीत प्रेक्षकांशी बोलणं भागच असतं. मालिका करताना तिने ते बोलणं तसंच ठेवलं, फक्त आता आजूबाजूला इतर माणसं आली. पहिल्या भागात ती आपल्याशी चटपटीत विनोद करते आणि आपण तिचे दोस्त होतो. हळूहळू लक्षात येतं की ती आपल्याकडे वळते ते समोरच्या माणसापासून पळायला. 2019 च्या दुसऱ्या भागात एक पाद्री तिच्या आयुष्यात येतो. ती बोलता बोलता आपल्याकडे बघते आणि तो विचारतो, आत्ता कुठे गेली होतीस? आजवर कुणाला न दिसलेलं त्याला दिसतं. त्या क्षणी आपणच पकडले गेल्यासारखं वाटतं. शेवटी ती आपल्याला मानेनेच 'येऊ नका' म्हणते आणि चालत निघून जाते. कॅमेरा जागेवर राहतो.

"हे चांगलं आहे," मामू म्हणाले. "पण माझं हे नाही. माझा माणूस राजकारणी होता. आणि त्यानं एका पोरीचा खून केला."

आता मला नाव मिळालं असं वाटलं. राजकारणी, कॅमेऱ्याशी एकटाच बोलणारा, एका तरुण बातमीदार मुलीचा खून करणारा, म्हणजे 'हाउस ऑफ कार्ड्स'. फोनवर पहिला भाग लावला. केव्हिन स्पेसीचा फ्रँक अंडरवुड घराबाहेर येतो, गाडीने उडवलेल्या शेजाऱ्याच्या कुत्र्याशेजारी बसतो, आणि वेदनांबद्दल आपल्याला काही सांगत सांगत त्याचा जीव घेतो.

मामूंनी दोन मिनिटं बघितलं. "हा नाही."

"पण मामू, हा राजकारणी आहे. ह्याला मंत्रिपद मिळत नाही म्हणून तो..."

"तेही होतं. पण हा नाही. हा मला शिकवतोय, बेटा. मास्तरासारखा. माझा माणूस मला विचारायचा."

मी 2013 मधल्या अमेरिकन मालिकेत अडकलो होतो. ती ज्या मालिकेवरून घेतली ती ब्रिटिश 'हाउस ऑफ कार्ड्स' 1990 ची. मामू लंडनला होते हे ऐकूनही माझ्या डोक्यात ते आलं नाही, याची मला लाज वाटली. पण ही चूक साधी आहे. दोन्हींचं नाव एक, सांगाडा एक, युक्तीही एक. सत्ताधारी पक्षाचा प्रतोद, म्हणजे खासदारांना रांगेत ठेवणारा माणूस. वरची जागा मिळेल असं त्याला वाटत असतं, मिळत नाही, आणि तो स्वतःच्याच नेत्याला खाली खेचायला निघतो. त्यासाठी एका बातमीदार मुलीला हाताशी धरतो आणि ती जड झाल्यावर मारून टाकतो. हे दोन्हीकडे आहे. म्हणून वेगळेपण शोधायचं ते खुनाच्या जागेत.

"कसं मारलं तिला?"

"गच्चीवरून ढकललं."

अमेरिकन मालिकेत झोई बार्न्सला भुयारी रेल्वेखाली ढकललं जातं. ब्रिटिश मालिकेत मॅटी स्टोरिन संसदेच्या इमारतीच्या गच्चीवरून खाली पडते. प्रश्न सुटला होता. तरी मी आणखी एक विचारलं, कारण आता मलाच उत्सुकता होती. "तेव्हा बाहेर काय चाललं होतं, आठवतं?"

"आठवतं ना. त्याच आठवड्यात थॅचरबाई गेल्या. बेकरीत सगळे नाचत होते."

तारखा अगदी जुळतात. बीबीसीवर पहिला भाग रविवारी, 18 नोव्हेंबर 1990 ला दाखवला गेला. त्याच गुरुवारी, 22 तारखेला, मार्गारेट थॅचरनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. मालिका सुरू होते तीच थॅचर गेल्यानंतरच्या काळात. फ्रान्सिस अर्क्हर्ट हा प्रतोद टेबलाशी बसून त्यांच्या फोटोकडे बघतो आणि मग आपल्याकडे वळून म्हणतो की कितीही मोठी कारकीर्द असो, कधीतरी संपतेच. हे लिहून, चित्रित करून झालं होतं. प्रक्षेपण आणि खरं राजकारण एकाच आठवड्यात आलं हा निव्वळ योगायोग. मामूंच्या हातातली ती फ्रेम हीच होती.

मी फोनवर इयान रिचर्डसनचा फोटो काढून पुढे केला. बारीक ओठ, मागे वळवलेले केस, डोळ्यांत थोडं हसू. मामू बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हाच."

आता मामूंच्या त्या 'विचारायचा'बद्दल. मायकेल डॉब्सच्या 1989 च्या कादंबरीवरून अँड्र्यू डेव्हिसने ही चार भागांची मालिका लिहिली. प्रेक्षकांशी बोलण्याची कल्पना आली ती नाटकातून, शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डवरून. तो राजा लोकांचे गळे कापण्याआधी प्रेक्षकांना बेत सांगतो आणि मजेत सांगतो. रिचर्डसन जुना शेक्सपिअरचा नट, रॉयल शेक्सपिअर कंपनीत वाढलेला. रंगमंचावर हजार माणसांकडे वळून बोलायची कला त्याने एका भिंगात ओतली. आवाज चढवत नाही. भुवई उचलतो, अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं आपल्यावर सोडतो. आपण मनातल्या मनात ते पुरं करतो, आणि पुरं केलं की आपण त्यात सामील झालो. अंडरवुड बहुतेक वेळा सत्तेबद्दलचे धडे देतो. धडा ऐकणारा वर्गात बसलेला असतो, तो कटात नसतो. माझ्या मते अमेरिकन मालिका भव्य असूनही ब्रिटिश मालिकेइतकी अंगावर येत नाही त्याचं मोठं कारण हे आहे. मात्र त्यांनीही एक सुंदर खेळी केली. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात झोईचा खून होतो आणि संपूर्ण भागभर अंडरवुड आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. आपण अस्वस्थ होतो. अगदी शेवटी आरशातून नजर वळवून तो विचारतो, तुम्हाला वाटलं मी तुम्हाला विसरलो?

इथवर मी तज्ज्ञासारखा बोलत होतो. मग मामूंनी मला गप्प केलं.

"तुला एक सांगू? मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. बेकरीतलं येत होतं. मैदा, ट्रे, ओव्हन, हरी अप. टीव्हीवरची माणसं भराभर बोलायची, मला काही कळायचं नाही. पण हा माझ्याकडे वळला की हळू बोलायचा. एकेक शब्द सुटा. तेवढं कळायचं. बाकी गोष्ट मी त्याच्यावरूनच समजून घेतली."

याचा मी कधीच विचार केला नव्हता. अशी बोलणी लिहिणारे ती अशासाठी लिहितात की प्रेक्षकाला पात्राच्या आतलं कळावं. पण जो माणूस संवादच पकडू शकत नाही त्याच्यासाठी तीच सगळी गोष्ट असते. म्हणजे मामूंनी 'हाउस ऑफ कार्ड्स' बघितली ती संपूर्ण खुन्याच्या शब्दांत. इतर कुणाची बाजू त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. अर्क्हर्टला याहून चांगला प्रेक्षक मिळाला नसता.

"आणि दुसरं," मामू म्हणाले, "वर्ष झालं होतं मला तिथं. कुणी डोळ्यांत डोळे घालून बोललं नव्हतं. दुकानदार पैसे हातावर ठेवायचा नाही, काउंटरवर ठेवायचा. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची. आणि रविवारी रात्री हा साहेब, सूटबूट, एवढा मोठा माणूस, सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघून बोलायचा. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. नाही यायचा. मी रविवारची वाट बघायचो. पाळी बदलून घ्यायचो."

"आणि त्यानं तिला ढकललं तेव्हा?"

मामूंनी लगेच उत्तर दिलं नाही. "ती पोरगी त्याच्यावर भरवसा ठेवून गच्चीवर आली होती. तो काय माणूस आहे ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चार रविवार माहीत होतं. त्या रात्री मी कामावर गेलो तर हात थरथरत होते. फोरमन म्हणाला, आजारी आहेस का? काय सांगणार?" मग म्हणाले, "तुझ्या मुमानीला मी हे सांगायला गेलो होतो. पण ती हसली. मग मी फक्त टीव्हीतला माणूस बोलतो एवढाच किस्सा ठेवला. पुढचं राहिलं."

कादंबरीत अर्क्हर्ट शेवटी स्वतः उडी मारून मरतो. डेव्हिसने शेवट उलटा केला, मुलीला ढकललं आणि त्याला जगवलं. त्यामुळेच पुढे 1993 मध्ये 'टू प्ले द किंग' आणि 1995 मध्ये 'द फायनल कट' निघू शकल्या. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मेला असता तर मी सुटलो असतो," एवढंच म्हणाले.

इंग्लंडच्या बहिणीला मी त्याच रात्री निरोप धाडला. ती बकरी ईदला आली तेव्हा चारही भागांची डीव्हीडी घेऊन आली. घरातला जुना प्लेअर दोनदा अडकला, मग भाचीच्या लॅपटॉपवर लावलं. मामू पुढच्या खुर्चीत बसले. बहीण, भाची आणि मी मागे गादीवर.

फोटोची फ्रेम आली. अर्क्हर्ट फोटोकडे बघत होता. मग त्याची नजर वर आली. बहीण पटकन म्हणाली, "अब्बा, हा तर खरंच बोलतोय." मामू काही बोलले नाहीत. बाजूच्या खुर्चीकडे, जिच्यावर मुमानी बसायच्या आणि जिच्यावर आता धुतलेल्या कपड्यांची घडी असते, तिकडे त्यांनी एकदा बघितलं आणि परत पडद्याकडे बघायला लागले.

तीन भाग त्यांनी लागोपाठ बघितले. आता त्यांना सगळे संवाद समजत होते आणि मधून मधून ते थांबवायला सांगायचे. "हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. ही पोरगी हुशार होती की!" मॅटीची वाक्यं ते पुढे झुकून ऐकत होते. चौथा भाग लावताना बहिणीने विचारलं, "लावू ना?"

मामू उठले. मगरिबची वेळ झाली होती. "तुम्ही बघा," म्हणाले. "मी बघितलाय."